दगडाचं वय कार्बन डेटिंगने निघत नाही, मग जुन्या वास्तूचा काळ ठरवतात तरी कसा?

एखाद्या जुन्या वास्तूवरून वाद सुरू झाला की दोन दिवसांत कोणीतरी म्हणतंच, "एवढं काय, कार्बन डेटिंग करा ना, दूध का दूध पानी का पानी होऊन जाईल." आणि ऐकणाऱ्यालाही ते पटतं, कारण आपल्या डोक्यात कार्बन डेटिंग म्हणजे एक मशीन आहे, भिंतीला लावलं की वर्ष दाखवतं. प्रत्यक्षात दगडाला ते लागूच होत नाही. दगड लाखो-कोटी वर्षांपूर्वी तयार झालेला असतो, तो कधी जिवंत नव्हता, आणि आपल्याला तो कधी तयार झाला ते नकोच असतं, तो तिथे कधी रचला ते हवं असतं. हे दोन प्रश्न पूर्ण वेगळे आहेत.

मग काळ ठरतो कसा? मुख्यतः तीन गोष्टींवरून. तिथे काही लिहिलेलं असेल तर तो लेख, वास्तूच्या खालचे आणि आजूबाजूचे मातीचे थर, आणि त्या थरात सापडलेला कोळसा, धान्याचा दाणा, हाड असं काहीतरी जे एकेकाळी जिवंत होतं. या तिघांतला एकही एकटा पुरत नाही. हे नुसतं सांगून समजत नाही म्हणून मी एकच जागा घेतो, नेपाळमधलं लुंबिनी, जिथे हे तिन्ही पुरावे काही फुटांच्या अंतरात आहेत आणि जिथे २०१३ साली जगभर बातमी झाली की बुद्धाच्या काळातलं देऊळ सापडलं. ती बातमी किती खरी आणि किती ताणलेली हे शेवटी बघू, आधी खांबापासून सुरुवात करू.

खांबावर काय लिहिलंय

लुंबिनीत मायादेवी मंदिराला लागून एक दगडी स्तंभ आहे. १८९६ मध्ये त्याच्या खालच्या भागातली माती काढल्यावर ब्राह्मी लिपीतला लेख दिसला. भाषा प्राकृत आहे आणि मजकूर अगदी थोडका. देवानं पिय पियदसि राजा, राज्याभिषेकाला वीस वर्षं झालेला, स्वतः इथे आला आणि पूजा केली, कारण "हिद बुधे जाते सक्यमुनि ति", म्हणजे इथे शाक्यमुनी बुद्ध जन्मला. त्याने इथे दगडी खांब उभा केला आणि लुंमिनि गावाचा बळी नावाचा कर माफ करून उत्पन्नातला आठवा हिस्साच ठेवला. मला या लेखातली ही कराची ओळ फार आवडते, कारण देवळाबद्दलच्या लेखात एकदम गावच्या सरकारी वसुलीचा निर्णय येतो आणि सव्वादोन हजार वर्षांपूर्वीचं ते गाव खरंखुरं वाटायला लागतं.

आता यात वर्ष कुठे आहे? आहे, पण ते "राज्याभिषेकाला वीस वर्षं" असं आहे. म्हणजे घरात कोणी सांगतं ना, "थोरली तिसरीत होती तेव्हा आपण घर बांधलं", तसं. घरातल्यांना लगेच कळतं, बाहेरच्याला आधी थोरली कधी जन्मली ते शोधावं लागतं. आणि इथे तर राजाचं नावसुद्धा नाही, नुसती पदवी आहे, पियदसि.

मग विसावं वर्ष म्हणजे कुठलं वर्ष?

ब्राह्मी लिपी १८३७ मध्ये जेम्स प्रिन्सेपने उलगडली तेव्हा "हा पियदसि कोण" हा मोठाच प्रश्न होता. श्रीलंकेच्या पाली ग्रंथांवरून तो अशोक असावा असं ठरलं, पण दगडावरचा थेट पुरावा १९१५ मध्ये मिळाला, कर्नाटकातल्या मस्कीला, तिथल्या लेखात अशोक हे नाव सरळ कोरलेलं आहे. तरी वर्ष निघत नाहीच, कारण अशोक कधी होऊन गेला हे बाहेरच्या कशाला तरी बांधायला हवं.

ती गाठ बसली अशोकाच्या तेराव्या शिलालेखामुळे. त्यात तो म्हणतो की माझ्या धम्माचा प्रसार पाच यवन राजांच्या राज्यांपर्यंत पोचलाय, आणि तो त्यांची नावं देतो, अंतियोक, तुरमय, अंतिकिनि, मक, अलिकसुदर. हे ग्रीक राजे आहेत, सीरियाचा अँटिओकस, इजिप्तचा टॉलेमी, मॅसेडोनियाचा अँटिगोनस, सायरीनचा मॅगस आणि एक अलेक्झांडर (हा एपिरसचा की कॉरिंथचा यावर अजून मतभेद आहेत). या राजांच्या कारकिर्दी ग्रीक इतिहासातून माहीत आहेत, आणि पाचही एकाच वेळी गादीवर असण्याची खिडकी साधारण इ.स.पू. २६० ते २५० एवढीच निघते. हे लेख अशोकाच्या राज्याभिषेकानंतर बारा-तेरा वर्षांनी कोरले गेले, तिथून मागे मोजलं की राज्याभिषेक इ.स.पू. २६८ च्या आसपास येतो, आणि त्यात वीस मिळवले की लुंबिनीचा खांब इ.स.पू. २४९ च्या आसपासचा, काही वर्षं इकडे तिकडे.

बघा, इथे ना प्रयोगशाळा आहे ना मशीन. तरी हा आकडा कुठल्याही कार्बन डेटिंगपेक्षा नेमका आहे. नशिबाने असा लेख मिळाला तर त्याला तोड नाही.

पण लेख आणि वास्तू एकाच वेळच्या कशावरून?

ही शंका अगदी रास्त आहे आणि याच खांबावर तिचं उत्तर कोरलेलं आहे. खांबाच्या वरच्या भागात दुसरा एक छोटा लेख आहे, ओम मणि पद्मे हुम् आणि राजकुमार रिपुमल्ल चिरकाल विजयी होवो अशा अर्थाचा, आणि शेवटी आकडा आहे १२३४. म्हणजे एकाच दगडावर दोन लेख आणि त्यांच्यात दीड हजार वर्षांहून जास्त अंतर. समजा मातीखाली गेलेला अशोकाचा लेख कोणी बघितलाच नसता आणि फक्त वरचा वाचला असता तर खांब रिपुमल्लाचा ठरला असता.

आणि त्या १२३४ चीपण गंमत बघा. आपण आजच्या सवयीने वाचलं तर इसवी सन १२३४ वाटतं. ते शक वर्ष आहे, त्यात ७८ मिळवायचे, म्हणजे इ.स. १३१२. आणि कोणी विक्रम संवत धरला असता तर ५७ वजा करून ११७७ आलं असतं. आकडा तोच, उत्तरं तीन. त्यामुळे लेख वाचणारा माणूस आकड्याआधी संवत कुठला ते बघतो, राजा कुठला, प्रदेश कुठला, तिथे त्या काळात कुठली कालगणना चालायची ते बघतो. लेखात तिथी-वार-ग्रहण असेल तर मग सोनंच, कारण ते गणित करून जुळतं की नाही ते तपासता येतं.

काहीच वर्ष दिलेलं नसेल तर अक्षराच्या वळणावरून अंदाज करतात, पण त्याच्याकडून फार अपेक्षा ठेवू नये. म्हाताऱ्या कारागिराने तरुणपणी शिकलेलं वळणच शेवटपर्यंत कोरलं असेल, त्यामुळे शे-पन्नास वर्षांची चूक सहज होते.

शिवाय खांब हलवतात. अशोकाचे दोन खांब फिरोजशाह तुघलकाने १४ व्या शतकात टोपरा आणि मेरठहून दिल्लीला आणून उभे केले, ते आजही तिथेच आहेत. खांबावर अशोकाचा लेख आहे म्हणून ज्या इमारतीवर तो उभा आहे ती अशोकाची असं कोणी म्हटलं तर सोळाशे वर्षांची चूक होईल. म्हणून लेख कितीही स्पष्ट असला तरी शेवटी खाली बघावं लागतं, मातीत.

मातीचे थर, म्हणजे नुसतं खालचं जुनं असं नाही

मूळ कल्पना सोपी आहे. रद्दीच्या गठ्ठ्यात सगळ्यात खालचा पेपर सगळ्यात जुना. माणूस एका जागी राहतो, जमीन सारवतो, राख टाकतो, भिंत पडते, पूर येऊन गाळ बसतो, पुन्हा त्यावर कोणी बांधतं, आणि असं एकावर एक चढत जातं. उत्खनन करताना चौकोनी खड्डा सरळ कापत नेतात आणि त्याची उभी भिंत घासून साफ करतात, मग त्या भिंतीवर केकच्या कापासारखे पट्टे दिसतात, काळसर, पिवळट, विटांच्या चुऱ्याचा लाल. प्रत्येक थराला नंबर देतात आणि त्यात जे काही सापडेल ते त्याच नंबरच्या पिशवीत जातं.

पण रद्दीचा गठ्ठा कोणी मध्येच उपसला असेल तर? जमिनीत हे सतत होतं. कोणी विहीर खणतं, कोणी कचऱ्याचा खड्डा, कोणी जुन्या भिंतीच्या विटा चोरायला पाया उकरून नेतं. आता त्या खड्ड्याच्या तळाशी पडलेलं फुटकं मडकं दोन मीटर खोल असतं, आजूबाजूला हजार वर्षं जुनी माती असते, पण मडकं मात्र कालपरवाचं. खोली बघून वय सांगणारा इथे साफ फसतो. म्हणून खोली मोजण्यापेक्षा खड्डा कुठल्या थरापासून खाली कापत आलाय ते बघणं महत्त्वाचं. ज्या थरांना तो कापतो त्यांच्यापेक्षा तो नवा, आणि जो थर त्याच्या तोंडावर झाकणासारखा अखंड पसरलाय त्याच्यापेक्षा तो जुना. या दोन वाक्यांवर अर्धं उत्खनन चालतं असं म्हटलं तरी चालेल.

दगडी वास्तूलाही हाच नियम लागतो. भिंत बांधायची तर आधी पायाचा चर खणावा लागतो, भिंत उभी करून उरलेल्या फटीत माती परत भरावी लागते. त्या फटीतल्या मातीत एखादं नाणं सापडलं तर भिंत त्या नाण्याच्या आधीची असूच शकत नाही. नंतरची कितीही असू शकते, कारण जुनं नाणं शे-दोनशे वर्षं फिरत राहू शकतं. थरातली सगळ्यात नवी वस्तू "याच्या आधी नाही" एवढंच सांगते.

लुंबिनीत काय दिसलं? दरहॅम विद्यापीठाचे रॉबिन कॉनिंगहॅम आणि नेपाळचे कोषप्रसाद आचार्य यांच्या टीमने २०११ पासून मायादेवी मंदिराच्या आतच उत्खनन केलं. अशोकाच्या काळातलं मानलं जाणारं विटांचं मंदिर आधीच माहीत होतं. त्याच्या खाली गेल्यावर आणखी जुनं विटांचं काम लागलं, आणि त्याच्याही खाली गेल्यावर विटा संपल्या आणि मातीत खड्डे दिसायला लागले.

लाकूड गेलं, त्याचा खड्डा राहिला

हे जरा जवळून बघण्यासारखं आहे. लाकडी खांब जमिनीत पुरला की काही वर्षांनी कुजतो, त्याची जागा पोकळ होते आणि वरून भुसभुशीत माती त्यात भरते. दोन-अडीच हजार वर्षांनी खणणाऱ्याला लाकडाचं नावही दिसत नाही, फक्त घट्ट पिवळ्या मातीत एक गोल काळपट डाग दिसतो. कुशल माणूस खुरपीची धार त्या डागावरून फिरवतो तेव्हा आवाज आणि हाताला लागणारा विरोध बदलतो, बाहेर कडक, आत मऊ. आतली मऊ माती हळूहळू काढली की खांबाच्या आकाराचा खळगा उरतो, त्याला पोस्टहोल म्हणतात. असे खळगे एका ओळीत आले की तिथे लाकडी कुंपण किंवा मांडव होता हे कळतं.

लुंबिनीत हे खळगे मधल्या एका मोकळ्या जागेला धरून होते. त्या मोकळ्या जागेच्या मातीचा सूक्ष्मदर्शकाखाली अभ्यास झाला तेव्हा तिथे जुन्या झाडाच्या मुळांचे अवशेष निघाले, आणि वर छत असल्याची खूण नव्हती. म्हणजे मध्ये झाड, भोवती लाकडी कुंपण. आणि नंतरचं विटांचं बांधकामही तीच मधली जागा मोकळी सोडून झालेलं. एकावर एक पिढ्या बांधत गेल्या पण मधली जागा कोणी बुजवली नाही.

थरांनी एवढं पक्कं सांगितलं की हे लाकडी कुंपण अशोकाच्या मंदिराच्या आधीचं आहे. पण किती आधीचं, वीस वर्षं की चारशे, ते थर सांगू शकत नाहीत. जाड थर म्हणजे जास्त काळ असंही नसतं, एका पुरात हातभर गाळ बसतो आणि कधी शंभर वर्षांत बोटभरही माती साचत नाही. म्हणून आता कार्बन.

कार्बन डेटिंग नक्की काय मोजतं

एक टाकी डोळ्यासमोर आणा, तळाला बारीक छिद्र आहे पण वरून नळ चालू आहे, त्यामुळे पाणी गळतंय तरी पातळी तीच राहते. जिवंत झाड किंवा प्राणी असाच असतो. हवेतल्या कार्बनमध्ये अगदी नगण्य भाग, साधारण लाख कोटीत एक अणू, कार्बन-१४ नावाचा अस्थिर प्रकार असतो. तो सतत विघटित होतो म्हणजे गळतो, पण जिवंत असेपर्यंत श्वासातून, अन्नातून नवा येत राहतो. मेला की नळ बंद. मग पातळी ठरलेल्या वेगाने उतरते, ५७३० वर्षांत निम्मी. किती उरलंय ते मोजलं की नळ कधी बंद झाला ते कळतं. ही पद्धत विलार्ड लिबीने १९४० च्या दशकाच्या शेवटी बसवली.

अडीच हजार वर्षं जुन्या कोळशात सुरुवातीच्या सुमारे ७४ टक्के कार्बन-१४ शिल्लक असतो, आणि मोजण्यात एका टक्क्याची चूक झाली की उत्तर ८०-८५ वर्षांनी हलतं. हा एक टक्का लक्षात ठेवा, पुढे लागेल. पन्नास हजार वर्षांच्या पलीकडे इतकं कमी उरतं की मोजता येत नाही.

आता "नळ बंद झाला" यावर जरा थांबू. कार्बन डेटिंग सांगतं झाड कधी वाढत होतं, देऊळ कधी बांधलं ते नाही. मोठ्या झाडाच्या गाभ्यातलं लाकूड बाहेरच्या सालीपेक्षा दोनशे-तीनशे वर्षं जुनं असू शकतं, कारण आतल्या कड्यांना नवा कार्बन मिळणं कधीच बंद झालेलं असतं. शिवाय चांगली तुळई लोक टाकून देत नाहीत, पडक्या घराची नव्या घरात वापरतात. त्यामुळे लाकडाच्या कोळशाचं वय वास्तूपेक्षा जुनंच निघायची शक्यता जास्त. जळकं धान्य मिळालं तर उत्तम, दाणा एका हंगामाचा असतो. पण दाणा पडला बारीक, उंदराच्या बिळातून, किड्यामुंग्यांच्या वाटेने तो वरच्या थरातून घसरून खाली येतो. म्हणजे कोळसा जागेवर पक्का पण वयाने फसवा, आणि दाणा वयाने पक्का पण जागेला फसवा. म्हणून एकाच नमुन्यावर कोणी छाती ठोकून बोलत असेल तर सावध राहावं. खालून वर पाच-सहा नमुने घेतले आणि वयं क्रमाने कमी होत गेली तर विश्वास बसतो. मध्येच एक उलटा निघाला तर तो बिळातून आलाय का, खड्ड्यातला आहे का, हे वहीतल्या नोंदी आणि भिंतीचं चित्र काढून तपासतात.

नमुना हाताने उचलत नाहीत, चिमट्याने उचलून अ‍ॅल्युमिनियमच्या फॉइलमध्ये ठेवतात. प्रयोगशाळेत तो आम्ल, अल्कली आणि परत आम्लात धुतात, म्हणजे मातीतला चुना आणि झिरपलेला इतर सेंद्रिय अंश निघून जातो. आजच्या पद्धतीत शेवटी मिलिग्रॅमभर कार्बनही पुरतो.

(चुन्याच्या गाऱ्याचं कार्बन डेटिंग होतं, असं कोणी सांगेल, ते खरं आहे, चुना घट्ट होताना हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतो. पण त्यात नीट न भाजलेले चुनखडीचे खडे राहिले की वय भलतंच जुनं निघतं, त्यामुळे ते फार जपून करावं लागतं. तरी ते गाऱ्याचं वय, दगडाचं नाहीच.)

लुंबिनीचं उत्तर आलं, पण इतकं ऐसपैस का?

पोस्टहोलमधल्या कोळशाची तारीख आली साधारण इ.स.पू. ८०० ते ५४५. अडीचशे वर्षांची रेंज! अशोकाच्या लेखात काही वर्षांची चूक आणि इथे अडीचशे. लोकांना वाटतं मशीन खराब असेल किंवा लपवाछपवी असेल. तसं काही नाही, मशीनची स्वतःची चूक आज पंचवीस-तीस वर्षांवर आलीय. दोष हवेचा आहे.

आपण धरलं होतं की नळ बंद होताना सगळ्या टाक्या सारख्या भरलेल्या होत्या. तसं नव्हतं. सूर्यावरच्या घडामोडींप्रमाणे हवेतलं कार्बन-१४ चं प्रमाण कमी-जास्त होत आलंय. म्हणून शास्त्रज्ञांनी झाडांची वर्तुळं घेतली, ज्यांचं नेमकं वर्ष मोजून माहीत आहे, आणि एकेका वर्तुळात किती कार्बन-१४ आहे ते मोजून एक लांबलचक वक्ररेषा काढली. प्रयोगशाळेचा कच्चा आकडा या रेषेवर नेऊन लावला की खरं वर्ष मिळतं. या कामाला कॅलिब्रेशन म्हणतात.

आता गोची अशी की साधारण इ.स.पू. ८०० ते ४०० या काळात ही रेषा जवळजवळ आडवी आहे. त्या काळात हवेतलं प्रमाण घटत गेलं, आणि योगायोगाने गळतीच्याच वेगाने घटलं. म्हणजे समजा एक झाड इ.स.पू. ७५० ला मेलं आणि दुसरं ४५० ला. पहिल्याची गळती तीनशे वर्षं जास्त झाली, आधीच्या हिशेबाने साडेतीन टक्के जास्त गेलं. पण त्याची टाकी सुरुवातीलाच तेवढी जास्त भरलेली होती. आज दोघांत पाणी जवळपास सारखंच. मशीनने कितीही बारीक मोजलं तरी फरक दिसणार नाही, कारण फरक उरलेलाच नाही. जाणकार याला हॉलस्टाट पठार म्हणतात, आणि लोहयुगावर काम करणारा प्रत्येक जण त्याच्यावर वैतागलेला असतो. बुद्धाचा काळ नेमका या पठारावर किंवा त्याच्या काठावर येतो.

मग दुसरं घड्याळ नाही का?

आहे, आणि लुंबिनीत वापरलंही. मातीतल्या क्वार्ट्झच्या कणात आजूबाजूच्या नैसर्गिक किरणोत्सर्गामुळे हळूहळू ऊर्जा साठत जाते, आणि ऊन लागलं की ती रिकामी होते. म्हणजे कण मातीत गाडला गेला की घड्याळ शून्यापासून चालू. नमुना घेताना उजेड लागला तर सगळं वाया, म्हणून स्टीलची नळी खड्ड्याच्या भिंतीत ठोकून, दोन्ही तोंडं बंद करून आणतात आणि प्रयोगशाळेत मंद लाल प्रकाशात उघडतात. ही पद्धत थर कधी झाकला गेला ते सांगते, म्हणजे आपल्या प्रश्नाच्या जास्त जवळचं. पण जमिनीतला ओलावा, किरणोत्सर्गाचं मान या सगळ्यांचा अंदाज करावा लागतो, त्यामुळे लुंबिनीत तिचीही अनिश्चितता दोन-अडीचशे वर्षांची आली. चांगली गोष्ट एवढी की दोन्ही घड्याळं एकमेकांशी भांडली नाहीत, दोघांच्या रेंज इ.स.पू. सहाव्या शतकाच्या आसपास एकमेकांवर बसतात. आणि हे दोन्ही अशोकाच्या विटांच्या खाली, म्हणजे थरांचा क्रमही जुळतो.

तर बुद्धाच्या काळातलं देऊळ सापडलं का?

संशोधकांनी सहाव्या शतकातलं, लाकडी, झाडाभोवतीचं पूजास्थान असं मांडलं. बातम्यांनी त्याचं "बुद्धाच्या जन्माची तारीख मिळाली" करून टाकलं. यात दोन मोठ्या उड्या आहेत.

पहिली म्हणजे बुद्धाच्या काळाबद्दलच अभ्यासकांत एकमत नाही. श्रीलंकेच्या परंपरेने निर्वाण इ.स.पू. ५४३, दुसऱ्या हिशेबाने ४८३ च्या आसपास, आणि आज बरेच विद्वान ४०० च्या जवळचं सांगतात. दीडशे वर्षांचा फरक आहे हा, आणि पठारावर बसलेला कोळसा तो सोडवू शकत नाही.

दुसरी उडी जास्त महत्त्वाची. झाडाची पूजा बुद्धाच्या आधीपासून चालत आलेली आहे. झाडाभोवती कुंपण होतं म्हणजे ते बौद्धांचंच होतं हे कोळसा सांगत नाही. टीका करणाऱ्यांनी हेच म्हटलं, की कदाचित आधी नुसतं पवित्र झाड होतं आणि नंतर ती जागा बुद्धाशी जोडली गेली. उलट बाजूने असं म्हणता येतं की त्या जागेचा मान अखंड राहिला, मधली मोकळी जागा थरामागून थर तशीच जपली गेली, आणि त्याच जागी अशोकाने नाव घेऊन लिहिलं. मला ही दुसरी बाजू वजनदार वाटते, पण वजनदार म्हणजे सिद्ध नव्हे. कागदावर ठेवायचं झालं तर पक्कं एवढंच आहे की इ.स.पू. २४९ च्या आसपास लोक या जागेला बुद्धाचं जन्मस्थान मानत होते, आणि त्याच्या आधी, बहुतेक काही शतकं आधी, इथे झाडाभोवती लाकडी कुंपण होतं.

हे कधी आणखी नेमकं होईल का?

होऊ शकतं, दोन वाटांनी. एक म्हणजे थरांचा क्रम आणि कार्बनच्या तारखा एकत्र गणितात घालायच्या. खालचा नमुना वरच्यापेक्षा जुना असलाच पाहिजे अशी अट घातली की प्रत्येक रेंजचा न जुळणारा भाग गळून पडतो आणि अडीचशेचे कधी शंभर होतात. यासाठी नमुने भरपूर हवेत आणि थर न ढवळलेले हवेत.

दुसरी वाट म्हणजे मोठं लाकूड. एकाच ओंडक्यातली दहावी, विसावी, तिसावी अशी वर्तुळं वेगवेगळी मोजायची. त्यांच्यातलं अंतर माहीतच असतं, त्यामुळे वक्ररेषेवरचे बारीक चढउतार एकाच जागी जुळतात आणि पठारावरही दहा-वीस वर्षांपर्यंत पोचता येतं. त्यासाठी पन्नास-शंभर वर्तुळं शाबूत असलेलं लाकूड पाहिजे, पाण्याखाली किंवा चिखलात हवेशिवाय दडून राहिलेलं. लुंबिनीच्या त्या खळग्यांत लाकूड नव्हतं, खांबांच्या जागी मऊ माती होती आणि तिच्यात कोळशाचे थोडे तुकडे.